थांबलेल्या पानाची नोंद

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘मोजमाप’ हा विषय सुचवला तेव्हा मला मुलांच्या वाचनाच्या नोंदी आठवल्या. आज शहरातल्या बऱ्याच घरांत मुलाचं वाचन मोजलं जातं. कधी शाळेने दिलेल्या तक्त्यावर, कधी आईच्या फोनमधल्या अ‍ॅपवर. पुस्तकं किती झाली, पानं किती झाली, सलग किती दिवस वाचलं, सगळ्याचे आकडे तयार असतात. या आकड्यांनी मूल वाचायला लागतं का, ते बघायला मी काही घरांत, एका वाचनालयात आणि एका शाळेत जाऊन आले. सर्वांत जास्त शिकवलं ते कोथरूडच्या एका मुलीच्या नोंदींनी, म्हणून सुरुवात तिच्यापासून करते.

अठ्ठावन्न पुस्तकं

ही मुलगी गेल्या वर्षी चौथीत होती. जूनमध्ये तिने वर्षभरात शंभर पुस्तकं वाचायचं ठरवलं. आईने आपल्या फोनवर पुस्तकांची नोंद ठेवणारं एक लोकप्रिय अ‍ॅप घेतलं आणि उद्दिष्टाच्या चौकटीत 100 हा आकडा भरला. पुस्तक ‘वाचलं’ अशी खूण केली की आकडा एकाने वाढायचा आणि खालची हिरवी पट्टी थोडी पुढे सरकायची. ऑगस्ट संपताना तिथे 58 दिसत होते. तीन महिन्यांत अठ्ठावन्न! नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा फोटोही गेला.

आजोबांनी मात्र आकडा सोडून यादी वाचली. त्यातली पन्नासेक पुस्तकं ‘स्टोरीवीव्हर’वरची होती. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेलं हे खुलं संकेतस्थळ आहे आणि मराठी गोष्टींचा तिथला साठा मोठा आहे. गोष्टी तिथे चार पातळ्यांत लावलेल्या असतात. पहिल्या पातळीची गोष्ट साधारण अडीचशे शब्दांच्या आत संपते आणि चौथ्या पातळीची दीड हजार शब्दांच्या पुढे जाते. नातीने वाचलेली जवळपास सगळी पुस्तकं पहिल्या पातळीची होती. ती नुकतंच अक्षर ओळखायला लागलेल्या मुलांसाठी केलेली, आणि ही तर दुसरीतच जोडाक्षरं सफाईने वाचत होती.

आजोबांनी कागदावर हिशेब मांडला. अडीचशे शब्दांची पन्नास पुस्तकं म्हणजे फार तर साडेबारा हजार शब्द. शंभर पानांच्या एका किशोर कादंबरीत, पानाला अडीचशे शब्द धरले तर, पंचवीस हजार शब्द होतात. तीन महिन्यांचं वाचन अर्ध्या कादंबरीएवढं भरलं होतं.

यादीत एक गोष्ट नव्हतीच. जूनमध्ये तिने वाचनालयातून फास्टर फेणेचं एक पुस्तक आणलं होतं आणि ते बाविसाव्या पानावर सोडून दिलं होतं. का सोडलंस, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘ते संपेपर्यंत काहीच वाढत नाही ना. तेवढ्यात माझी सहा पुस्तकं होतात.’

तिचं गणित चोख होतं. पुस्तक हे एकक धरलं की एकशेबारा पानांच्या कादंबरीला एक गुण आणि बारा पानांच्या चित्रकथेलाही एकच गुण. शिवाय जाड पुस्तक वाचताना आठवडाभर पट्टी जागची हलत नाही. मोठ्या पुस्तकाकडे वळायचं वय नेमकं आठ ते दहा वर्षांचं, आणि नेमकं त्या वयात हे मोजमाप मुलाला छोट्या पुस्तकांपाशी अडवून ठेवतं. मुलीने आळस केला नव्हता. तिला जे मोजून दाखवलं गेलं ते तिने वाढवलं होतं.

एकक बदललं की वाचन बदलतं

अ‍ॅप निवडताना पालक रंग, चित्रं, किंमत पाहतात. आधी पाहायला हवं ते त्याचं एकक. मोठ्यांमध्ये सर्वांत परिचित असलेलं गुडरीड्स वार्षिक उद्दिष्ट पुस्तकांच्या संख्येत धरतं. नादिया ओदुनायो यांनी उभं केलेलं स्टोरीग्राफ पुस्तकांबरोबर पानं आणि तास यांचंही उद्दिष्ट ठेवू देतं. बुकलीसारखी अ‍ॅप घड्याळावर चालतात. वाचायला बसताना टायमर सुरू करायचा, उठताना बंद करायचा आणि कुठल्या पानावर पोहोचलो ते भरायचं. अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत आणि शाळांत वापरलं जाणारं बीनस्टॅक प्रामुख्याने मिनिटं मोजतं आणि ठरावीक मिनिटं झाली की बिल्ला देतं.

पानं मोजली तर जाड पुस्तकाला न्याय मिळतो, पण पान हे काही ठरलेलं माप नाही. चित्रपुस्तकाच्या पानावर दोन ओळी असतात, जुन्या बालकादंबरीच्या पानावर बारीक टंकात तीस. पानांच्या मागे लागलेलं मूल मोठ्या अक्षरांची, भरपूर चित्रांची पुस्तकं शोधतं. त्यात गैर काही नाही. फक्त एका पुस्तकाच्या पानांची तुलना दुसऱ्याशी करायची नाही, एवढं पालकांना कळलं पाहिजे.

मिनिटांचा गुण असा की ती पुस्तक बघत नाहीत आणि भाषाही बघत नाहीत. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी बाईंनी हे मला फोनवर सांगितलं. त्यांच्या गावच्या ग्रंथालयाचा उन्हाळी वाचनाचा उपक्रम बीनस्टॅकवर चालतो. पालकांच्या एकाच खात्यात दोन्ही मुलांची नावं जोडता येतात. मुलगा रविवारच्या मराठी शाळेत जातो. इंग्रजी पुस्तकाची वीस पानं होतात तेवढ्या वेळात त्याची मराठीची तीन होतात. पुस्तकं किंवा पानं मोजली असती तर त्याने मराठी केव्हाच बाजूला ठेवलं असतं. ‘पण वीस मिनिटं ती वीस मिनिटं,’ त्या म्हणाल्या. ‘पुस्तकाचं नाव मी हाताने टाइप करते आणि मिनिटं भरते. मराठी वाचल्याने त्याचं काही कमी होत नाही.’ दोन भाषांत वाढणाऱ्या मुलासाठी मिनिटांइतकं सोयीचं एकक दुसरं नाही.

मिनिटांचा तोटाही त्यांनीच सांगितला. मूल घड्याळाकडे बघत वाचतं आणि वीस मिनिटं झाली की वाक्याच्या मध्यात पुस्तक मिटतं. कुठल्याही घरी ही खूण चटकन ओळखता येते. नोंदीत रोज बरोबर ‘20’ असेल, कधी 13 नाही, कधी 35 नाही, तर मूल वेळ भरतंय असं समजावं. गोष्टीत रमलेल्या मुलाचे आकडे वेडेवाकडे असतात.

बारकोड काय सांगतो आणि काय नाही

दादरच्या एका जुन्या वाचनालयाच्या बालविभागात गेले ते वेगळ्या कारणाने. अ‍ॅपमध्ये पुस्तक नोंदवायची सर्वांत सोपी वाट म्हणजे पाठीवरचा बारकोड कॅमेऱ्यासमोर धरणं. मराठी पुस्तकांना ही वाट कितपत उपयोगी पडते ते मला पाहायचं होतं. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी कपाटातून हाताला येतील ती पुस्तकं काढून टेबलावर मांडली.

पहिल्याच पुस्तकाला बारकोड नव्हता. मुलांच्या हाताळणीने खिळखिळं झालेलं ते पुस्तक वाचनालयाने बांधून घेतलं होतं. तपकिरी पुठ्ठा, कापडी पाठ आणि पाठीवर पांढऱ्या चौकोनात हाताने लिहिलेला दाखल क्रमांक. मूळ मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ बांधणीत गेलं, त्याबरोबर बारकोडही गेला. दुसरं पुस्तक इतकं जुनं की त्याला आयएसबीएन मिळालेलाच नव्हता. तिसऱ्याला बारकोड होता, कॅमेऱ्याने तो वाचलाही, पण अ‍ॅप म्हणालं, पुस्तक सापडलं नाही. चौथं सापडलं; फक्त नाव रोमन लिपीत आलं आणि पानांची संख्या कोरी.

असं का होतं ते समजलं की वैताग कमी होतो. बारकोडमध्ये पुस्तकाचं नाव नसतं. त्यात तेरा अंकी आयएसबीएन असतो. सुरुवातीला बहुधा 978, पुढे भारतासाठी 81 किंवा 93, मग प्रकाशकाचा क्रमांक, मग त्या पुस्तकाचा, आणि शेवटी आधीचे अंक बरोबर वाचले गेले की नाही हे तपासणारा एक अंक. कॅमेरा एवढेच अंक वाचतो. नाव, लेखक, पानं, मुखपृष्ठ ही माहिती अ‍ॅप कुठल्या तरी सूचीतून मागवतं. इंग्रजी पुस्तकांची माहिती या सूचींत भरभरून आहे. मराठी प्रकाशकाने किंवा एखाद्या वाचकाने ती भरलेली नसेल तर अंक बरोबर वाचूनही हाती काही लागत नाही.

बाईंना याहून मोठी अडचण वेगळीच वाटत होती. ‘मुलं काय करतात माहितीये? जे स्कॅन होतं तेच घेतात,’ त्या म्हणाल्या. ‘एकीने माझ्यासमोर पुस्तक परत कपाटात ठेवलं. म्हणे, मावशी, हे धरत नाही.’ नोंदीची सोय निवडीवर स्वार होते ती अशी. बांधणीतलं जुनं पुस्तक कपाटात राहतं आणि चकचकीत बारकोडवालं घरी जातं.

यावर उपाय साधा आहे. मराठी पुस्तक हाताने भरायचं आणि एकदा नीट भरायचं. नाव देवनागरीत, मुखपृष्ठावर आहे तसंच. एकदा देवनागरी आणि एकदा रोमन असं केलं की एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी होतात आणि शोधताना एकही मिळत नाही. पानांची संख्या म्हणून गोष्ट जिथे संपते ते पान भरायचं, मागच्या जाहिराती आणि याद्या सोडून. नाहीतर गोष्ट संपली तरी अ‍ॅप ‘94 टक्के’ दाखवत बसतं आणि मूल हिरमुसतं. मुखपृष्ठाचा फोटो मुलालाच काढू द्यावा. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम आहे. कुठल्याही अ‍ॅपचे पैसे भरण्याआधी घरातली पाच मराठी पुस्तकं त्यात भरून बघावीत. हाताने पुस्तक भरायची सोय आडबाजूला असेल किंवा देवनागरी नावाने शोध चालत नसेल, तर ते अ‍ॅप मराठी वाचणाऱ्या मुलाच्या कामाचं नाही.

साखळी तुटते तेव्हा

सलग किती दिवस वाचलं ते दाखवणारी साखळी आता बहुतेक अ‍ॅपमध्ये असते. सात, आठ, नऊ असा आकडा चढत जातो आणि एक दिवस चुकला की पुन्हा शून्यावर येतो. रोजची सवय लावायची तर रोजचा आकडा हवा, असं वरवर पटतं.

कोथरूडच्या त्या घरात सप्टेंबरमध्ये पुस्तकांचं उद्दिष्ट काढून साखळी सुरू केली. अठराव्या दिवशी मुलीला ताप आला. उठून बसायची ताकद नव्हती, तरी रात्री साडेनऊला ती म्हणाली, ‘आई, एक पान वाच ना गं माझ्या नावावर.’ आईने वाचलं आणि भरलं. दोन दिवसांनी गावी जाताना गाडीत नेटवर्क नव्हतं, नोंद राहून गेली, साखळी शून्यावर आली. त्यानंतरचे सहा दिवस तिने पुस्तक उघडलं नाही. एकोणीस दिवसांची कमाई गेली, आता पहिल्यापासून कशाला, असा तिचा विचार होता.

सवयींवर लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. 96 प्रौढ व्यक्तींनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक नवी गोष्ट रोज ठरलेल्या वेळेशी जोडून करायची आणि त्याची नोंद ठेवायची, अशी त्याची रचना होती. ती गोष्ट आपसूक घडायला साधारण 66 दिवस लागले. पण कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब 254 दिवसांपर्यंत गेला. आपल्याला कामाचा निष्कर्ष वेगळाच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय घडण्यात फारसा फरक पडला नाही. हा अभ्यास मुलांच्या वाचनावरचा नाही, त्यामुळे 66 हा आकडा मुलांना लावू नये. पण चुकलेल्या एका दिवसाने आधीचं सारं पुसलं जातं हा साखळीचा दावा मात्र त्यापुढे टिकत नाही.

म्हणून सलग दिवस मोजण्याऐवजी गेल्या सात दिवसांतले वाचनाचे दिवस मोजावेत. एक दिवस चुकला तर सहा होतात, शून्य होत नाही. आजारपण, लग्नकार्य, परीक्षा यांना त्यात जागा राहते. आकडा खाली गेला तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा वर आणता येतो आणि मुलाला ते समजतं.

सही, चांदण्या आणि एक वेगळं कार्ड

शाळेच्या वाचननोंदीत बहुधा शेवटी एक रकाना असतो, ‘पालकांची सही’. म्हणजे नोंद सक्तीची. पाक आणि वेस्ली या दोघींनी 2012 मध्ये अमेरिकेतल्या दुसरी-तिसरीच्या मुलांबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना वाचननोंद सक्तीची होती, काहींना ऐच्छिक. काही आठवड्यांनी सक्तीच्या गटाची वाचनातली गोडी कमी झाली आणि ऐच्छिक गटाची वाढली. त्याच्या बऱ्याच आधी, 1973 मध्ये, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांबाबत असंच काही पाहिलं होतं. रंगीत पेनांनी चित्रं काढायला ज्यांना मुळात आवडायचं, अशा काही मुलांना चित्र काढलंत तर प्रमाणपत्र देऊ असं आधी सांगितलं. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तीच मुलं पेनांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं, त्यांच्या आवडीत अशी घट झाली नव्हती. मूल आपणहून पुस्तकाकडे जात असेल तिथे बिल्ल्याचं आमिष आणताना हे लक्षात असायला हवं.

साताऱ्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या बाईंनी हे अभ्यास वाचले नव्हते, पण त्या त्याच ठिकाणी पोहोचल्या होत्या. भिंतीवर त्यांनी मुलांच्या नावांचा तक्ता लावला होता, पुस्तकामागे एक चांदणी. दोन महिन्यांत वरच्या चार नावांपुढे चांदण्यांची रांग लागली आणि खालची सात-आठ मुलं तक्त्याकडे बघेनाशी झाली. घरी भरायच्या नोंदींची गत त्यांनी मला वह्या उघडून दाखवली. एका वहीत सोमवार ते रविवार अशा सात ओळी एकाच शाईत, एकाच तिरक्या वळणाच्या अक्षरात होत्या. ‘हे रविवारी रात्री बसून लिहिलंय,’ बाई म्हणाल्या. ‘रोज लिहिलं की अक्षर रोज थोडं वेगळं येतं, पेन बदलतं, कुठे तेलाचा डाग पडतो.’

त्यांनी तक्ता उतरवला आणि नोंद मुलाऐवजी पुस्तकाच्या नावावर केली. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कागदी खिसा चिकटवला, त्यात एक कार्ड. पुस्तक वाचणाऱ्याने त्यावर नाव, जिथपर्यंत वाचलं ते पान आणि पुढच्या वाचणाऱ्यासाठी एक ओळ लिहायची. मी एक कार्ड पाहिलं. पहिल्या मुलाने सोळाव्या पानावर सोडलं होतं: ‘सुरुवात बोर आहे.’ दुसरीने संपवून त्याखाली लिहिलं होतं: ‘सतरापासून कुत्रा येतो. तिथून वाच.’ पहिल्या मुलाचं नाव पुढे पुन्हा आलेलं, आता शेवटच्या पानासकट.

महिन्याअखेर बाई कार्डांचे फोटो काढतात. कुठलं पुस्तक किती जणांकडे फिरलं, कुठलं सगळेच एका पानावर सोडतात, ते त्यावरून कळतं. पुढची पुस्तकं मागवताना त्यांना हे उपयोगी पडतं. मुलांची एकमेकांशी तुलना त्यात कुठेच नाही.

पाच रकाने

कोथरूडला परत येऊ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्या घराने अ‍ॅप बाजूला ठेवलं. आजोबा आणि नातीने मिळून गूगल शीटमध्ये पाच रकाने आखले: तारीख, पुस्तक, थांबलेलं पान, कोणी वाचलं, एक शब्द. ‘कोणी वाचलं’ यात तीनच उत्तरं: मी, आई, दोघी. ‘एक शब्द’ यात मनात येईल तो. पुस्तकांची बेरीज नाही, पानांची नाही, मिनिटांची नाही. वरच्या कोपऱ्यात एकच आकडा, गेल्या सात दिवसांत किती दिवस वाचलं. त्यासाठी आजोबांनी हे सूत्र घातलं:

```
=COUNTUNIQUEIFS(A2:A, A2:A, ">"&TODAY()-7)
```

एका दिवसात दोनदा नोंद झाली तरी ते सूत्र तो दिवस एकदाच मोजतं. पहिल्या आठवड्यात तिथे 9 आले. सात दिवसांत नऊ दिवस कसे? तारखेच्या रकान्यात वेळही भरली गेली होती, त्यामुळे सकाळची आणि रात्रीची नोंद सूत्राला वेगवेगळी वाटत होती. वेळ काढून नुसती तारीख ठेवली आणि आकडा 4 वर आला. खरा तोच होता.

फास्टर फेणे पुन्हा घरी आलं. तीन आठवड्यांनी आईने आणि मुलीने नोंदी एकत्र वाचल्या आणि त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे मंगळवार आणि शुक्रवार कायम कोरे. त्या दिवशी तबल्याचा क्लास, घरी यायला आठ वाजायचे, जेवण, मग झोप. रात्री वाचायचं हे मोठ्यांनी ठरवलेलं होतं. त्या दोन दिवसांपुरतं वाचन शाळेतून आल्यावरच्या दुधाच्या पेल्याशी जोडलं. पुढच्या दोन्ही आठवड्यांत वरचा आकडा 6 होता. कुणी रागावलं नव्हतं, आठवण केली नव्हती, वेळ तेवढी बदलली होती.

दुसरी गोष्ट ‘थांबलेलं पान’ या रकान्यात होती. 22, पुढच्या दिवशी 22, मग 24, मग पुन्हा 24. जूनमध्येही पुस्तक बाविसाव्याच पानावर सुटलं होतं. आईने ती पानं उघडून पाहिली. तिथे बरीच पात्रं एकदम येत होती, संवाद भराभर चालले होते आणि कोण बोलतंय ते मुलीला कळत नव्हतं. त्या दोन संध्याकाळी आईने मोठ्याने वाचलं, प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देऊन. रकान्यात ‘दोघी’ आलं आणि पान 33 वर गेलं. त्यानंतर ‘मी’ 38, ‘मी’ 47, ‘मी’ 61. एक शब्दाच्या रकान्यात आधी ‘गोंधळ’ होता, तिथे ‘हुश्श’ आला आणि मग ‘पुढे’. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं पान, 112.

मूल पुस्तक का सोडतं ते त्याला बहुधा सांगता येत नाही. ते ‘बोर झालं’ म्हणतं. थांबलेल्या पानांची नोंद ते सांगते. तीन दिवस पान पुढे सरकलं नाही तर पुस्तक अवघड आहे, किंवा त्या जागी काही अडलं आहे. मग सोबत वाचावं, किंवा खुशाल सोडावं. स्टोरीग्राफमध्ये सोडलेल्या पुस्तकांसाठी वेगळी खूण आहे आणि मुलाच्या नोंदीत ती असलीच पाहिजे. सोडलेलं पुस्तक यादीत राहिलं तर काही महिन्यांनी ते पुन्हा उचललं जातं. या मुलीच्या फास्टर फेणेचं तेच झालं, फक्त तिच्या अ‍ॅपमध्ये ते कुठे दिसत नव्हतं.

खातं कोणाच्या नावावर

गुडरीड्ससारखं मोठ्यांसाठीचं अ‍ॅप तेरा वर्षांखालच्या मुलाला खातं देत नाही. पालक मुलाच्या नावाने खोटं वय घालून ते उघडतात. तसं करू नये. त्यात अनोळखी माणसांशी संपर्क येऊ शकतो आणि मोठ्यांच्या पुस्तकांच्या शिफारशी येतात. खातं पालकाच्या नावावर असावं, प्रोफाइल खासगी असावं, आणि मुलाचं खरं नाव, शाळा, फोटो त्यात नसावं. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे. तिची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणं किंवा त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. नवीन अ‍ॅप घेताना ते मुलाचं वय कसं विचारतं आणि पालकांची संमती कशी घेतं, ते आधी पाहावं.

दुसरी खात्री बाहेर पडण्याच्या वाटेची. गुडरीड्स आणि स्टोरीग्राफ दोन्ही आपल्या नोंदींची सीएसव्ही फाइल उतरवून देतात, आणि ती कुठल्याही शीटमध्ये उघडते. अशी सोय नसेल तर अ‍ॅप बंद पडलं की मुलाची सगळी यादी गेली.

नोंद कधी थांबवावी

कोथरूडची शीट फेब्रुवारीत बंद झाली. कुणी ठरवून केली नाही. आईच्या लक्षात आलं की आठवडाभर कुणी काही भरलेलं नाही, आणि त्या आठवड्यात मुलगी रोज वाचत होती. भरून घ्यावं का, असं तिने मला विचारलं. मी नको म्हणाले, आणि त्यामागे कारण आहे.

नोंदीचं काम पालकांना आणि मुलाला दोन गोष्टी दाखवण्याचं आहे. दिवसातली कुठली वेळ वाचनाला सोसते, आणि पुस्तकात मूल कुठे अडतं. त्या कळल्या आणि त्याप्रमाणे घर बदललं की तिचं काम झालं. पुढे ती चालू ठेवली तर मूल हळूहळू नोंदीसाठी वाचायला लागतं. थांबवायची वेळ आली का हे तीन गोष्टींवरून ओळखता येतं. एखादा दिवस चुकल्यावर मूल कुणी न सांगता पुन्हा पुस्तक उघडतं. पुस्तक संपायच्या आधीच पुढचं कुठलं ते विचारतं. आणि न आवडलेलं पुस्तक अपराधी न वाटता सोडतं. सलग महिनाभर या तिन्ही गोष्टी दिसल्या की सूचना बंद कराव्यात, साखळी आणि उद्दिष्टाचा आकडा काढून टाकावा आणि वाचलेल्या पुस्तकांची नुसती यादी ठेवावी. त्या यादीत भर घालायची की नाही, ते मुलाने ठरवावं. यातली एक जरी गोष्ट दिसत नसेल तर नोंद चालू ठेवावी, पण एकक तपासून. आकडा वाढतोय आणि पुस्तकं मात्र अधिकाधिक पातळ होत चालली असतील, तर मुलाला काही बोलण्याआधी आपण काय मोजतोय ते बदलावं.